एलसीत डिस्क्रिपन्सी निघाली म्हणून लगेच दहा टक्के सोडू नका

ग्रुपवर फिरणारा मेसेज असा आहे: "एलसीवर माल पाठवताना सावध. कागदात एक स्पेलिंग जरी चुकलं तरी समोरची बँक पेमेंट नाकारते आणि मग सगळं बायरच्या हातात. आपल्या बँकेनं कागद पास केले तरी उपयोग नाही. अशा वेळी गुपचूप दहा टक्के सोडा आणि उरलेलं घ्या, दुसरा रस्ता नाही."

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडच्या फाउंड्रीवाल्यांनी हा पुढं ढकललाय, आणि वाचून कुणी खरंच दहा टक्के सोडले तर वाईट वाटेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

एलसी म्हणजे ठरल्याप्रमाणे कागद दिले तर पैसे देऊ ही बायरच्या बँकेची हमी, आणि कागदात निघालेली तफावत म्हणजे डिस्क्रिपन्सी. आधी स्पेलिंगचं बघू. बहुतेक एलसी यूसीपी ६०० या नियमांखाली निघतात, हे इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे नियम २००७ पासून लागू आहेत. त्यात कागदातला मजकूर एलसीशी अक्षरशः सारखा हवा असं कुठंच नाही, फक्त तो एकमेकांशी विसंगत नसावा एवढंच. स्पेलिंग चुकलं पण अर्थ बदलला नाही तर ती डिस्क्रिपन्सी होत नाही, मॉडेल नंबर मात्र ३२१ च्या जागी १२३ पडला तर होते. पार्टीच्या पत्त्यात गल्लीबोळ वेगळा असला तरी देश तोच असेल तर चालतंय, फक्त बिल ऑफ लेडिंगवर कन्साइनी किंवा नोटिफाय पार्टी म्हणून बायरचा पत्ता येत असेल तिथं एलसीप्रमाणेच लिहा. एक गोष्ट खरोखर कडक आहे, ती म्हणजे इनव्हॉइसवरचं मालाचं वर्णन. ते एलसीशी जुळलंच पाहिजे, बाकी कागदांवर मोघम शब्द चालतात.

आता मुख्य मुद्दा, आणि मेसेज लिहिणाऱ्यानं इथंच घोटाळा केलाय. बँकेला नाकारायचा हक्क आहे, पण नाकारायचीही एक रीत आहे आणि ती पाळली नाही तर कागदात खरी चूक असूनही बँकेला ती पुढं करता येत नाही, पैसे द्यावेच लागतात. हे कलम १६ मध्ये आहे. कागद मिळाल्यानंतरच्या पाच बँकिंग दिवसांच्या आत, एकाच नोटिशीत, तीन गोष्टी सांगायच्या: आम्ही नाकारतोय, कुठल्या कुठल्या डिस्क्रिपन्सीमुळं, आणि कागद सध्या कुठं आहेत किंवा त्यांचं काय करतोय. नुसतं "डिस्क्रिपन्सी आहेत, बायरला विचारतोय" असं आलं तर तो नकार झालाच नाही.

हे उदाहरणानं बघू. समजा आपल्या इथल्या एका फाउंड्रीनं चितगावच्या बायरला ४८,००० डॉलरच्या पंप हाउसिंग पाठवल्या. एलसीत लिहिलंय ग्रे कास्ट आयर्न पंप हाउसिंग, इनव्हॉइसवर ऑफिसनं सवयीनं टाकलं सीआय पंप केसिंग. बिल ऑफ लेडिंग ३ तारखेचं, बुधवार. एलसीची मुदत महिनाअखेर ३० पर्यंत, आणि कागद शिपमेंटपासून २१ दिवसांत द्यायचे, म्हणजे २४ पर्यंत. एलसी समोरच्या बँकेच्या काउंटरवरच संपते, म्हणजे कागद मुदतीत तिथं पोहोचले पाहिजेत. कागद तिथं पोहोचले मंगळवारी, ९ तारखेला.

बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी बँक चालू, म्हणून पाच दिवस मोजायचे ते बुधवार १०, गुरुवार ११, रविवार १४, सोमवार १५, मंगळवार १६. आपल्या सुट्ट्यांवर मोजू नका, जिथं कागद तपासतात तिथल्या मोजा. नकार १४ ला आला, म्हणजे वेळेत. दोन मुद्दे: इनव्हॉइसचं वर्णन जुळत नाही, आणि पॅकिंग लिस्टवर बायरचा पत्ता एलसीपेक्षा वेगळा. पुन्हा १७ ला दुसरा मेसेज, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर सही नाही म्हणून.

यातला पत्त्याचा मुद्दा पोकळ आहे, आणि १७ चा मेसेज तर चालतच नाही, कारण नोटीस एकच द्यायची असते आणि मुदतही १६ ला संपलेली. उरला वर्णनाचा मुद्दा, तो खरा आहे. त्यावर उपाय एकदम साधा: १५ ला नवा इनव्हॉइस करा, वर्णन एलसीतून शब्दशः घ्या, दर आणि संख्या शिपिंग बिलाशी जुळलेलीच ठेवा, आणि आपल्या बँकेमार्फत १६ ला कुरियर करा. २१ पर्यंत पोहोचला तरी २४ च्या आत बसतंय. दुरुस्त कागद आल्यावर बँकेला पुन्हा पाच दिवस मिळतात, पण ते नव्या इनव्हॉइससाठी, जे कागद तिनं आधीच तपासलेत त्यात आता नव्या चुका शोधता येत नाहीत. सोबत आपल्या बँकेकडून स्विफ्टवर उत्तर जाऊ दे, पत्त्याचा मुद्दा का मान्य नाही आणि १७ ची नोटीस का धरत नाही हे कलमासकट.

हे सगळं जमायला मूळ मेसेज हातात पाहिजे. आपली बँक बऱ्याचदा "डिस्क्रिपन्सी आली आहे" एवढंच पत्र पाठवते, तेवढ्यावर गप्प बसू नका, समोरच्या बँकेच्या नकाराचा स्विफ्ट मेसेज, म्हणजे MT734 ची कॉपी मागा. त्यात `77J` या फील्डमध्ये डिस्क्रिपन्सी असतात आणि `77B` मध्ये कागदांचं काय केलं ते. तिथं `HOLD` असेल तर तुमच्या सूचनेपर्यंत बँकेनं कागद धरलेत. `NOTIFY` असेल तर बायरनं चूक चालवून घेतली आणि बँकेनंही ते मान्य केलं की बँक पैसे देऊन कागद सोडेल, हे नको असेल तर त्याआधी लगेच कळवा.

सगळं बायरच्या हातात असतं हेही अर्धंच खरं. बिल ऑफ लेडिंग बँकेच्या ऑर्डरवर असेल आणि तिन्ही ओरिजिनल बँकेकडं असतील तर बायरला कागदांशिवाय माल सोडवता येत नाही. त्यालाही माल पाहिजेच असतो, प्लँट थांबलेला असतो, म्हणून तो सूट मागतोय तेव्हा घाई फक्त तुम्हालाच आहे असं समजू नका. बँकेनं पैसे न देता कागद बायरला देऊन टाकले तर नकार तिच्याच अंगावर येतो, म्हणून कंटेनर उचलला गेला का हे शिपिंग लाइनकडून ट्रॅक करत राहा.

आपल्या बँकेनं कागद पास केले त्याचा उपयोग नाही, हा भाग बऱ्यापैकी बरोबर आहे. बिल डिस्काउंट केलेलं असेल तर ते बहुतेक रिकोर्ससह असतं, समोरून नकार आला की व्याजासकट खात्यातून वळतं होतं. एलसी कन्फर्म केलेली असेल, म्हणजे दुसऱ्या बँकेनं स्वतःचीही हमी जोडलेली असेल, तर गोष्ट वेगळी, कन्फर्मिंग बँकेनं कागद बरोबर मानून पैसे दिले की ते परत मागता येत नाहीत.

चूक दुरुस्त होण्यासारखीच नसेल, म्हणजे शिपमेंटच लेट झालं किंवा २१ दिवस उलटून गेले, तर मात्र चूक चालवून घे असं बायरला विनवावं लागतं आणि तेव्हा सूट द्यायची का हा खरा प्रश्न होतो. तेव्हाही हिशोब मांडा: चितगाव पोर्टचं डेमरेज रोज किती, माल परत आणायचा खर्च किती, तिथंच दुसरा बायर मिळेल का. पंप हाउसिंग दुसऱ्याच्या ड्रॉइंगची असेल तर ती कुणी घेत नाही, स्टँडर्ड फिटिंग असेल तर घेतात. ठरलेली सूट लेखी घ्या, आणि ती आपल्या एडी बँकेला कळवून इनव्हॉइसची रक्कम कमी करून घ्या, नाहीतर एक्सपोर्टची एंट्री उघडी राहते. कुणी "एलसी राहू दे, कलेक्शनवर पाठवा" म्हणालं तर समजून घ्या की मग बँकेची पैसे द्यायची हमी संपली, बायर देईल तरच पैसे, म्हणून ते सगळ्यात शेवटी, आणि तेही कागद पैशाच्या बदल्यात अशाच अटीवर, उधारीच्या हुंडीवर नाही.