आपण-आम्ही आणि शेजारची कन्नड

"कन्नडात आपण आणि आम्ही असा फरक का नाही?"

पूर्वी होता हो! जुन्या कन्नडात 'आं' म्हणजे आम्ही, 'नां' म्हणजे आपण. 'मी'साठीचा 'आन्' पुढं 'नानु' झाला, आणि 'नां'पासून आलेलं 'नावु' हे त्याचंच साधं अनेकवचन वाटू लागलं. मग वेगळ्या 'आं'ची गरजच उरली नाही. तेलुगूत मात्र आम्हीसाठी 'मेमु' आणि आपणसाठी 'मनमु' शाबूत आहेत.

मराठीत उलट घडलं. 'आपण' आला संस्कृत 'आत्मन्'वरून, म्हणजे मुळात 'स्वतः'. नंतर त्यात ऐकणाराही आला. आमच्या कोल्हापुरात "आपण रंकाळ्याला जाऊया" म्हटलं की ऐकणारा चप्पल घालतो. "आम्ही जातोय" म्हटलं की तो घरीच बसतो. 'आम्ही जाऊया' कुणीच म्हणत नाही, बोलून बघा.