ती पाटी चुकीची नाही, ती मराठीच नाही

सध्या सोलापूरच्या बऱ्याच ग्रुपांवर एक फोटो फिरतोय. सोबतचा मजकूर असा:

«गोव्यातली पाटी बघा! ‘हांगा कोयर उडोवं नाकात. गांव नितळ दवरात.’ सात शब्द, पाच चुका. मराठी शाळा बंद पडल्या की हेच होणार. आणि कोकणी-बिकणी सांगू नका, लिपी मराठीचीच आहे, कोकणी ही मराठीचीच बोली.»

सुरुवात त्या «पाच चुकां»पासून करू, कारण सगळा हशा तिथेच पिकलाय. ‘हांगा’ वाचून काय आठवतं ते सांगायची गरज नाही. ‘नाकात’ म्हणजे नाकामध्ये, हेही आपल्याला डोळे मिटून कळतं. पण गोव्याच्या कोकणीत ‘हांगा’ म्हणजे इथे, ‘कोयर’ म्हणजे कचरा, ‘उडोवप’ म्हणजे फेकणे. ‘नाका’ म्हणजे नको, आणि एकापेक्षा जास्त माणसांना सांगायचं असेल तर त्याचं ‘नाकात’ होतं. शेवटच्या ‘दवरात’मध्येही तोच ‘त’ आहे. ‘दवरप’ म्हणजे ठेवणे. एकाला सांगायचं तर ‘दवर’, अनेकांना ‘दवरात’. म्हणजे पाटी म्हणते: इथे कचरा टाकू नका, गाव स्वच्छ ठेवा. दोन्ही आज्ञा अनेकवचनात आहेत आणि दोन्हीकडे प्रत्यय बरोबर लागलाय. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या हातून असा मेळ बसत नाही.

राहिले अनुस्वार. ‘गांव’वरचा टिंब पाहून आपल्याला एक तर आजोबांची पत्रं आठवतात किंवा चूक दिसते, कारण 1962च्या नियमांनी मराठीतले असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. कोकणीत मात्र ते उच्चारले जातात आणि अर्थही बदलतात. ‘ती’ म्हणजे स्त्रीलिंगी एकवचन, ‘तीं’ म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन. ‘ते’ म्हणजे पुरुष अनेक, ‘तें’ म्हणजे एखादी नपुंसकलिंगी वस्तू. आपण मराठीच्या सवयीने टिंब पुसायला गेलो तर व्याकरणच पुसलं जातं. ‘भाशा’, ‘राश्ट्रीय’ हे शब्द गोव्यातल्या फलकांवर दिसले तरी हेच लक्षात ठेवा. कोकणीच्या लेखनपद्धतीत आपल्या ‘ष’च्या जागी बहुतेक ठिकाणी ‘श’ येतो. पोटफोड्या ष तिथे कोणी विसरलेलं नसतं.

आता लिपीचं. हा मुद्दा सोलापुरात बसून कोणी मांडावा याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. पूर्व भागात चार पावलं गेलं की तेलुगू पाट्या दिसतात, अक्कलकोटच्या दिशेने गेलं की कन्नड. या दोन लिपी इतक्या जवळच्या आहेत की न वाचणाऱ्याला त्या एकच वाटाव्यात. तरी आजवर कोणी कन्नड पाटीचा फोटो काढून ‘बघा, किती वाईट तेलुगू’ असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. का? कारण तिथली अक्षरंच आपल्याला लागत नाहीत, म्हणून आपण गप्प बसतो. देवनागरी लागते, आणि गोंधळ तिथून सुरू होतो. डोळा अक्षर ओळखतो, मन लगेच मराठी उच्चार लावतं, आणि अर्थ जुळला नाही की दोष लिहिणाऱ्यावर जातो. ‘ही कुठली भाषा?’ हा प्रश्न मध्ये येतच नाही. ‘नितळ’सारखा ओळखीचा शब्द सापडला की फसवणूक आणखी पक्की होते.

देवनागरीत हिंदी, नेपाळी, संस्कृत, मैथिली, डोगरी, बोडो असं बरंच काही लिहिलं जातं. उलट मराठी स्वतः शतकानुशतकं कागदोपत्री मोडीत लिहिली गेली. 1616 साली गोव्यातल्या रायतूर इथे थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, ते मराठी काव्य होतं आणि अक्षरं रोमन होती. त्याला कोणी पोर्तुगीज म्हणत नाही. कोकणीचं तर विचारूच नका: देवनागरी, रोमन, कन्नड, मल्याळम, इतक्या लिप्यांत ती आजही लिहिली जाते. मंगळूरच्या कोकणी माणसाने हेच वाक्य कन्नड अक्षरांत लिहिलं असतं तर आपल्या ग्रुपवर ‘पाच चुका’ कोणी मोजल्या असत्या?

बोलीचा वाद जुना आहे आणि गोव्यात तो पिढ्यान्‌पिढ्या रंगला. निकाल मात्र लागलेले आहेत. साहित्य अकादमीने 1975 साली कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. 1987च्या कायद्याने देवनागरीतली कोकणी गोव्याची राजभाषा झाली, आणि 1992 साली ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. यातलं काहीच मान्य नसेल, कोकणी तुमच्या मते बोलीच असेल, तरी पाटी चुकीची ठरत नाही. ‘काय करलालाव बे’ हे आपलं सोलापुरी वाक्य पुण्यातल्या कोणी लाल शाईने तपासलं तर आपण काय म्हणू? आपल्या बोलीला तिचे नियम आहेत हे आपल्याला पटतं. तेवढीच सवलत गोव्यालाही द्या.

शाळांबद्दल थोडक्यात: गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांत मराठी आणि कोकणी अशी दोन्ही माध्यमं आहेत. कोकणीतल्या पाटीवरून मराठी शाळेची तब्येत कळत नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोव्यातली प्रत्येक देवनागरी पाटी कोकणी असते असं अजिबात नाही. त्याच 1987च्या कायद्यात मराठीच्या शासकीय वापरालाही जागा ठेवलेली आहे, आणि तिथे मराठी पाट्या, मराठी वर्तमानपत्रं सगळं आहे. त्यातल्या एखाद्या पाटीत खरीखुरी चूक असू शकते. मग ओळखायचं कसं? क्रियापद बघा. शेवटी ‘-प’ आलं, म्हणजे करप, वचप, उलोवप, तर ती गोव्याची कोकणी. मराठीत तिथे ‘णे’ येतं. ‘गोवा’च्या जागी ‘गोंय’, स्वागताला ‘येवकार’ दिसला तरी शंका राहत नाही.

‘घोडो’, ‘रस्तो’ असे ओकारान्त शब्द, ‘आहे’च्या जागी ‘आसा’ किंवा ‘माका’मधला ‘का’ मात्र पुरेसा पुरावा मानू नका, कारण ते सिंधुदुर्गातल्या मालवणीतही सापडतात. मालवणीत ‘इथे’ला ‘हय’ म्हणतात, ‘हांगा’ नाही, आणि ‘करप’ऐवजी ‘करूचा’सारखं रूप येतं. दोन-तीन शब्दांची छोटी पाटी असेल तर नुसत्या वाचनावरून निकाल देऊ नये; पूर्ण फोटो मागवावा, वर-खाली ग्रामपंचायतीचं किंवा खात्याचं नाव असतं ते वाचावं. फिरणाऱ्या फोटोत नेमका तोच भाग कापलेला आहे.