‘काका, माझ्यात तर चालतंय!’

दुकानात नवा पोरगा ठेवलात ना? मग वायफायचा पासवर्ड चालत नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला कसं कटवायचं, तेही आत्ताच शिकवून टाका.

पहिला धडा: मान वर करायची नाही. बोट फक्त पाटीकडे.

दुसरा: गिऱ्हाईक परत आलंच, तर स्वतःचा फोन नाचवत म्हणायचं, ‘काका, माझ्यात तर चालतंय!’ तो फोन स्टाफच्या वेगळ्या वायफायवर आहे, हे कुणाला कळणार?

तिसरा: राउटर बंद करून चालू करायचा. सगळ्यांचं वायफाय जातं, पासवर्ड तोच राहतो.

चौथा धडा पाटीचा. पाटी पेंटरकडूनच रंगवून घ्या आणि अक्षरं सगळी कॅपिटल हवीत, दिसायला भारदस्त. परवा फोर्टमधल्या एका तळघरातल्या झेरॉक्सच्या दुकानात अशीच पाटी होती: LALBAUG101. खाली रेंजचा पत्ता नाही, प्रतिज्ञापत्राची पीडीएफ मेलमध्ये, आणि वर नोटरी निघायच्या बेतात. मी पाटीवरचं अक्षरन् अक्षर टाकतोय, फोन म्हणतोय चुकीचा. पोरगा म्हणतोय, ‘नीट टाका ना काका.’ शेवटी मालक जेवून आले आणि ढेकर देत म्हणाले, ‘अहो, ते सगळं स्मॉलमध्ये आहे!’ म्हणजे lalbaug101. मग पाटी कुणासाठी रंगवलीत? वर पोरगा मलाच समजावतो, कॅपिटल-स्मॉलने काय फरक पडतो! पडतो, बाबा. पासवर्ड आणि वायफायचं नाव एकत्र घुसळून फोन त्याची किल्ली बनवतो. एक अक्षर लहानाचं मोठं झालं की किल्ली पार वेगळी, आणि ‘थोडक्यात चुकलं’ असं राउटर सांगत नाही. एवढं करून बरोबर पासवर्ड कळल्यावरही माझा फोन आधी साठवलेला चुकीचाच रेटत राहिला. Forget दाबून नव्याने टाकला, तेव्हा कुठे लागला. तोवर नोटरी गेले होते.

अहो शेठ, पोराला एक प्रश्न शिकवा: ‘फोन काय दाखवतोय?’ Incorrect password आलं तर पाटी तपासा, फोनमधलं जुनं Forget करायला सांगा. Obtaining IP address वर अडकला तर पासवर्ड बरोबर आहे. बहुधा राउटरकडचे फोनना वाटायचे पत्ते संपलेत. सकाळी येऊन गेलेल्यांचे पत्ते तो दिवसभर अडवून बसत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये पत्ता राखून ठेवायची मुदत एक-दोन तासांवर आणा. वायफाय लागलं पण इंटरनेट नाही, तर केबलवाल्याला फोन करा, गिऱ्हाइकाला कशाला झापता? आणि ती पाटी उतरवा. तुमचा फोन गिऱ्हाइकांच्या वायफायला जोडा, सेटिंगमध्ये Share दाबा, क्यूआर कोड येईल, तो छापून लावा. स्टाफच्या वायफायचा लावू नका, त्यात पासवर्ड उघडा असतो. पासवर्ड बदलला की कोडही नवा छापा. झेरॉक्सचं दुकान आहे ना तुमचं? एक कागद छापायला काय होतं?