ट्रॅक्टरवाल्याला तासाला 600 सुटतात का? खरा हिशोब

"रोटाव्हेटरचे तासाला 1100 घेतात, डिझेल जळतं पाचशेचं, बाकीचे 600 खिशात."

नाही हो, खिशात एवढे जात नाहीत. ट्रॅक्टर-रोटाव्हेटर मिळून 9 लाखांना घेतला, 10 वर्षांनी 3 लाखांना विकला असं धरा, तर वर्षाला 60 हजार घसारा. ड्रायव्हर महिना 15 हजार, आणि आपल्या सोलापुरात रब्बी ज्वारी उभी असताना किंवा पावसाने वाफसा नसताना ट्रॅक्टर शेडमध्येच असतो, तरी पगार द्यावाच लागतो कारण सोडला तर पेरणीच्या टायमाला माणूस मिळत नाही, म्हणजे वर्षाचे 1 लाख 80 हजार. वर्षात काम 500 तास भरलं तर तासामागे ड्रायव्हर 360, घसारा 120, रोटाव्हेटरची पाती, ऑइल, टायर मिळून 80 तरी, आणि काळ्या रानात 5 लिटर डिझेल 92 च्या भावाने 460. झाले 1020, राहिले 80, त्यातही कर्जाचं व्याज आणि विमा धरलेलाच नाही!

हेच काम 800 तासांवर गेलं तर खर्च 840 वर येतो. म्हणून भाडं जास्त वाटलं तर आधी त्याचा ट्रॅक्टर वर्षाला किती तास चालतो ते विचारा.