फाटकावरची पाटी म्हणजे लग्नपत्रिका नव्हे

नवा बंगला बांधला की नावाची चर्चा सुरू होते आणि प्रत्येकाला आपला आशीर्वाद त्यात हवा असतो. आजोबांना कुलस्वामिनी, आईला गुरू, मुलांना आजीचं नाव. शेवटी सगळ्यांचं मन राखून 'श्री कुलस्वामिनी तुळजाभवानी प्रसाद' असं काहीतरी ठरतं. भाव उत्तम आहे. पण हे नाव फाटकाच्या खांबावर बसत नाही, आणि ते का बसत नाही हे पाटीची ऑर्डर देण्याआधी कागदावर काढून बघता येतं.

फाटकाचा खांब प्लॅस्टर आणि दगडी टाइल धरून साधारण १५ इंच रुंद असतो. त्यावर १२ बाय ८ इंचांची पाटी शोभते. चारही बाजूंनी एकेक इंच सोडला की लिहायला उरते जागा १० बाय ६. आता नाव मोजायचं ते असं: प्रत्येक अक्षराला एक घर, काना, वेलांटी किंवा शेजारी जोडलेलं अर्धं अक्षर असेल तर अर्धं घर जास्त. देवनागरी अक्षराची रुंदी ढोबळमानाने त्याच्या उंचीइतकीच असते. त्यामुळे १० इंचांना एकूण घरांनी भागलं की अक्षराची उंची मिळते.

वरचं नाव मोकळ्या जागा धरून २० घरांच्या वर जातं. म्हणजे एका ओळीत अर्ध्या इंचाचं अक्षर. वाचायचा अंदाज असा की एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. म्हणजे हे नाव वाचायला पाहुण्याला पाच फुटांवर यावं लागेल. तीन ओळी केल्या तर? अक्षर जेमतेम इंचाचं होतं. पण वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असल्यामुळे देवनागरीच्या ओळीला अक्षराच्या पावणेदोन ते दोनपट उंची लागते. तीन ओळींतच सहा इंच संपतात, घर क्रमांकाला जागा नाही, आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो.

त्याच देवीचं नाव 'तुळजाई' केलं तर? साडेचार घरं. अक्षर दोन इंचांचं, वीस फुटांवरून वाचता येणारं, एक ओळ चार इंचांत आणि खाली क्रमांकाला जागा. देवी आहे, 'आई'ही आहे. आजी-आजोबांची नावं बैठकीच्या दाराजवळ छोट्या दगडावर कोरावीत. तिथे माणूस दोन फुटांवर उभा असतो, सावकाश वाचतो.

आमचं मत सरळ आहे: पाच अक्षरांपुढे जाऊ नका. आणि लांबीइतकंच अक्षरांच्या घडणीकडेही बघा. 'मातृपितृकृपा' सहाच अक्षरांचं, पण त्यात तीन ऋकार. ग्रॅनाइटमध्ये लहान आकारात कोरून रंग भरला की ऋकाराची बारीक वाटी रंगाने बुजते आणि 'कृपा'चं 'कुपा' होतं. धातूची किंवा अ‍ॅक्रिलिकची उठावाची अक्षरं घेणार असाल तर शिरोरेषेमुळे शब्द एका तुकड्यात कापता येतो, ही आपल्या लिपीची मोठी सोय. अनुस्वाराचा टिंब मात्र सुटा असतो. तो नुसत्या गोंदावर असला की कधीतरी पडतो आणि 'आनंद'चं 'आनद' उरतं. त्या टिंबाला मागच्या बाजूने पिन बसवून घ्या. पत्र्यात आरपार जाळी कापायची तर उलटा घोळ: 'व', 'ब', 'म' यांच्या पोटातला तुकडाच गळून पडतो. तिथे बारीक पूल ठेवायला सांगावं लागतं.

शुद्धलेखनात सर्वाधिक मार खातो तो 'आशीर्वाद'. 'शी' दीर्घ, रफार 'वा'वर. पाट्यांवर मात्र 'आशिर्वाद' सर्रास दिसतो. 'गुरू' सुटा असेल तर दीर्घ, पण 'गुरुकृपा' या समासात ऱ्हस्व. तसंच 'स्मृती', पण 'स्मृतिगंध'. 'मातृछाया' संस्कृत संधीप्रमाणे 'मातृच्छाया' हवं, पण मराठीत च्छ-शिवाय इतकं रुळलंय की त्यावर वाद घालू नये. (घालणारा एखादा काका प्रत्येक वास्तुशांतीला येतोच.)

ही चूक बहुतेक वेळा पत्रिकेपासून सुरू होते. घाईत छापलेल्या वास्तुशांतीच्या पत्रिकेवर नाव चुकतं आणि पाटीवाला तेच उतरवतो. म्हणून नाव पत्रिकेच्या आधी पक्कं करा. पाटीवाल्याला नुसता व्हॉट्सॅपवर टाइप केलेला मजकूर देऊ नका. डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्ट बदलला की वेलांटी सुटून पुढे-मागे जाते आणि जोडाक्षर पाय मोडून उभं राहतं. हाताने मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद सोबत द्या. कापण्याआधी त्याच्याकडून खऱ्या मापाची कागदी प्रिंट घ्या, खांबावर चिकटवा आणि रस्त्याच्या पलीकडे उभं राहून घरातल्या अशा माणसाकडून वाचून घ्या, ज्याला नाव अजून सांगितलेलं नाही. तो अडखळला तर अजून फक्त कागदच बदलायचा आहे.