डोक्यावरून गेलेले केस

गोव्यात पावसाळ्यात पोर्ट्रेट काढणाऱ्या माणसाने आधी केसांशी तह करावा. हवेत इतका दमटपणा असतो की, घरून विंचरून निघालेली मुलगी फोंड्याच्या बाजारातून माझ्या स्टुडिओपर्यंत येईतो तिचा निम्मा केशसंभार स्वतंत्र झालेला असतो. आणि स्थळांसाठीचे फोटो नेमके याच दिवसांत हवे असतात, कारण तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होणार.

परवाची मुलगी कुरळ्या, मोकळ्या केसांची. मागे फिकट राखाडी कागद, केसांवर मागून एक लाईट. हा लाईट केसांना चमक देतो आणि उडणाऱ्या प्रत्येक बटेची जाहिरातही करतो. मुलीबरोबर आई होती.

"एकसुद्धा केस उडताना दिसता कामा नये हां," स्क्रीनकडे बोट दाखवून मावशी म्हणाल्या.

"मावशी, सगळे काढले तर शेंडी उपटलेल्या नारळासारखं दिसेल."

"तू काढ रे बाबा. मी सांगते थांब कधी ते."

फोटोशॉपमध्ये दूर, एकटे तरंगणारे केस काढणं म्हणजे विश्रांतीच. फोटोवर पारदर्शक कागदासारखा नवा रिकामा लेयर घ्यायचा, आजूबाजूचा रंग मिसळून डाग बुजवणाऱ्या हीलिंग ब्रशला सगळे लेयर वाचायला सांगायचं आणि पुसत जायचं. आजूबाजूला नुसता राखाडी कागद असतो, ब्रशला गोंधळायला वाव नसतो. मावशी खूश.

खरी कसोटी डोक्याला लागून असलेल्या बोटभर पट्ट्यात. तिथे हीलिंग ब्रश चालवला की तो शेजारचा रंग मिसळायला जातो आणि केसांचा काळा कागदावर ओढून आणतो. कानाजवळ काजळ फिसकटल्यासारखा डाग पडतो. म्हणून तिथे एका जागेचा नमुना उचलून दुसरीकडे तसाच छापणारा क्लोन स्टॅम्प, आणि त्याचा मोड 'लायटन'. या मोडमध्ये ब्रश फक्त नमुन्यापेक्षा गडद असलेले ठिपकेच बदलतो. काळा केस जातो, कागद जवळपास होता तसाच राहतो. मात्र नमुना अगदी शेजारून घ्यायचा. आपल्याला एकरंगी वाटणारा कागद एकरंगी नसतोच. या फोटोत डाव्या कानाकडचा राखाडी उजळ, उजवीकडचा मळका. डावीकडचा नमुना उजवीकडे नेला असता तर 'लायटन'ने इमानेइतबारे तिथे उजळ ठिगळ लावून दिलं असतं.

"तो बघ, तो एक राहिला," मावशी.

तो मी मुद्दाम ठेवला होता. कुरळ्याच्या वळणाबरोबर बाहेर येऊन परत आत जाणारे केस ठेवायचे, त्यांच्यामुळेच डोक्याची कड खरी वाटते. जायचे ते दुसऱ्यांना आडवे जाणारे, प्रवाहाच्या उलट निघालेले आणि कपाळावर उतरलेले. शिवाय काढायचा तो केस टोकापासून मुळाकडे पुसत आणायचा. मधलाच तुकडा पुसला तर टोक हवेत लटकतं; आणि कडेशी एकदम थांबलो तर कात्रीने कापल्यासारखं बोथट टोक उरतं. ते शेवटी मऊ ब्रशने, कमी फ्लोवर, म्हणजे रंग हलकेच सोडत, निमुळतं करून घ्यायचं.

मावशींच्या आग्रहामुळे उजवी बाजू जरा जास्तच गुळगुळीत झाली, हे मुलीने आधी ओळखलं. "आई, विग लावल्यासारखं वाटतंय." मग पेन-टॅब्लेट काढून, वेगळ्या लेयरवर, दोन पिक्सेलच्या ब्रशने मी काही केस परत लावले. रंग कडेच्याच केसांतून उचलला, सुरुवात केसांच्या आतून केली आणि टोकाकडे दाब कमी करत नेला. जे काढायला सांगितलं, तेच आता रेखाटून देतोय, हा हिशेब मावशींना पटला नाही. बिलात तो येणार का, एवढंच त्यांनी विचारलं.

शेवटी वर एक कर्व्ह्‌ज लेयर ठेवून कॉन्ट्रास्ट भयंकर वाढवला. साध्या नजरेला न दिसणारे पुसट डाग यात उघडे पडतात. ते दुरुस्त करून लेयर फेकून दिला. मावशींनी मात्र तेवढ्यात ते काळंपांढरं भूत बघितलं. "हा फोटो देणार तू आम्हाला?"

समजूत घातल्यावर त्यांनी स्क्रीनला नाक लावून पुन्हा तपासणी केली आणि विजयी मुद्रेने खांद्यावर बोट ठेवलं. गर्द हिरव्या ब्लाऊजवर एक लांब केस, पांढराशुभ्र. मी सवयीने 'लायटन'वरच ब्रश फिरवला, तो ढिम्म. हिरव्यापेक्षा उजळ असलेल्याला हा मोड हात लावत नाही. इथे उलटा, 'डार्कन' हवा.

"आई, हा तुझा," मुलगी म्हणाली.

मावशींनी पदर डोक्यावर ओढला. "बाकीचे राहू दे रे बाबा. हा आधी काढ."