धूर निघाला, चिला नाही निघाला

"बेसनाचा चिला कधीच तुटणार नाही, १०० टक्के गॅरंटी! १) पीठ घट्टच ठेवा, घट्ट पिठाचा चिला मजबूत. २) तवा धूर निघेपर्यंत तापवा, मगच पीठ टाका. ३) पातळ पसरवू नका, पातळ चिला फाटतो. ४) भिजवून ठेवायची गरज नाही, लगेच टाका. ५) चिमूटभर सोडा टाकला की चिला जुळून येतो. सगळ्या बहिणींना पाठवा."

हा मेसेज माझ्या मामीच्या बचत गटाच्या ग्रुपवर आला. मामी दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहते. जन्मभर चुलीवर धिरडी-चिले टाकत आलेली बाई, पण मुलानं शहरातून नवा नॉनस्टिक तवा आणून दिला आणि त्याच आठवड्यात हे ज्ञान मोबाइलवर येऊन पडलं. तिनं तवा गॅसवर ठेवला, आच मोठी केली आणि धुराची वाट पाहत उभी राहिली. मग मला फोन. "धूर तं निघाला वं, चिला काही निघाला नाही. अन् डोळे काहून झोंबून रायले?"

म्हणून दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्या चुकांनी फार तर एक चिला वाया जातो, ही चूक घरात धूर करते. नॉनस्टिक तव्यावर जो थर असतो त्याला २६० अंश सेल्सिअसच्या वर तापवू नका, असं तो थर बनवणारेच सांगतात. त्याच्या वर तो खराब व्हायला लागतो आणि साधारण ३५० च्या पुढे विरघळल्यासारखा तुटून त्याच्या वाफा हवेत जातात. त्या वाफा श्वासात गेल्या तर काही तासांनी अंग दुखणं, थंडी वाजणं, ताप असा त्रास होऊ शकतो. वरून तो साध्या सर्दी-तापासारखाच दिसतो, त्यामुळे तव्यावर कोणाचा संशयही जात नाही. पिंजऱ्यातले पक्षी तर अशा वाफेनं मरतात. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवला तर एवढं तापायला काही मिनिटं पुरतात. आता गंमत बघा. रिफाइंड सोयाबीनचं तेल साधारण २३० अंशांच्या आसपास धूर सोडतं. म्हणजे तव्यात तेल असेल तर त्याचा धूर ही शेवटची सूचना समजायची. तवा कोरडा असेल तर सूचना द्यायला काहीच नसतं, जो धूर दिसतो तो त्या थराचाच. आणि मेसेजात तर तेलाचं नावही नाही! मामीला सांगितलं, खिडक्या-दार उघड, गॅस बंद कर आणि त्या तव्याचा थर कुठं फुगला-सुटला असेल तर तो तवा स्वयंपाकातून काढून टाक.

यात अर्धं खरं आहे, तेही कबूल करते, मनाविरुद्ध. लोखंडी किंवा बिडाचा तवा असेल तर तो एकदा चांगला कडक तापवावा लागतो. तेलाचा हात फिरवून तो तेल पिऊन गेला की त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि चिला सुटतो. आमच्या आजीचा तवा असाच काळाभोर झालेला होता. पण ते तव्याला तयार करणं झालं. चिला टाकायच्या वेळी तवा पुन्हा मध्यम आचेवर आणावा लागतो, आणि मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकी तीच अर्धी गोष्ट गाळली.

मध्यम आच म्हणजे किती, ते पाण्यानं कळतं. लोखंडी तव्यावर दोन थेंब शिंपडा. थेंब मोत्यासारखे गोल होऊन तव्यावर पळायला लागले तर तवा फार तापलाय. थेंब आहे तिथंच चर्रकन आवाज करून दोन-तीन सेकंदांत उडून गेला तर बरोबर. नुसता बसून हळूहळू बुडबुडे सोडत राहिला तर तवा थंड आहे. फार तापलेल्या तव्यावर पीठ पडता पडता तळाशी सेट होतं, आणि तुम्ही पळीनं पसरवायला जाता तेव्हा ते पसरत नाही, ओढलं जातं. खालचा भाग चिकटलेला, वरचा पळीबरोबर पुढं सरकलेला, मधे भोक. हाच तो "तुटलेला" चिला, उलटायच्या आधीच तुटलेला. थंड तव्यावर उलटं होतं, पीठ शिजण्याआधीच तव्याला चिकटून बसतं. चुलीवर करत असाल तर नॉब नसतो, तेव्हा लाकडं मागं ओढायची आणि निखाऱ्यावर काम चालवायचं. एक चिला निघाला की ओल्या फडक्यानं तवा पुसून घ्यायचा, म्हणजे पुढच्याला पुन्हा बेताचा तवा मिळतो. नॉनस्टिकवर तर आच मंद ते मध्यम, आणि थोडं तेल आधीच.

आता घट्टपणा. मजबूत हा शब्द ऐकून बायका पिठाचा गोळाच करून ठेवतात. बेसनात गव्हासारखा चिकट धागा धरणारा भाग नसतो. चिला जो एकजीव राहतो तो बेसनातली प्रथिनं आणि स्टार्च पाण्यात फुगून, तापून, जाळ्यासारखे सेट झाल्यामुळे. पाणीच कमी असेल तर स्टार्च नीट फुगत नाही, चिला कोरडा भाजतो आणि दुमडला की घडीवर तडकतो. शिवाय घट्ट पीठ पातळ पसरतच नाही, त्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की पुन्हा तेच, ओढलं जातं.

मामीकडून हे मी फोनवर करून घेतलं. एक सपाट वाटी चाळलेलं बेसन गंजात घेतलं. त्यात हळद, तिखट, मीठ, थोडा ओवा, आणि आधी फक्त अर्धी वाटी पाणी. एकदम सगळं पाणी घातलं की गुठळ्या राहतात, त्या पुढं तव्यावर फुटतात आणि तिथंच भोक पडतं. घट्टसर असतानाच हातानं नाहीतर चमच्यानं घोटून गुठळ्या मोडल्या, मग पाव वाटी पाणी, मग झाकून वीस मिनिटं ठेवलं. गावच्या चक्कीवर दळलेलं रवाळ बेसन असेल तर अर्धा तास ठेवा, ते पाणी उशिरा पितं. मामीचं चक्कीवरचंच होतं, त्यामुळे झाकण काढलं तेव्हा पीठ पहिल्यापेक्षा घट्ट दिसलं. ज्यांनी भिजवून ठेवायची गरज नाही म्हटलं त्यांना हेच दाखवायचंय. लगेच टाकलं असतं तर वरून पातळ, आतून कोरडे कण, आणि तव्यावर ते कण फुगताना चिला भेगाळला असता. मग दोन-तीन चमचे पाणी आणखी गेलं. एकूण साधारण पाऊण ते एक वाटी पाणी एका वाटी बेसनाला, बेसनाच्या जातीप्रमाणं थोडं इकडं-तिकडं.

मोजमापापेक्षा पळी बघा. पळी उचलून पीठ वरून खाली सोडा. धार अखंड पडायला हवी, थबथब तुकडे पडले तर घट्ट. पडलेल्या धारेची खूण गंजातल्या पिठावर दोन-तीन सेकंद दिसून पुसली जायला हवी. खूण तशीच राहिली तर पाणी हवं, खूण उमटलीच नाही तर पीठ सैल झालं. सैल पीठ तव्यावर जाळीदार होतं आणि उलटताना मधून फाटतं. इतपत मेसेजातल्या घट्ट पिठाच्या कौतुकात तथ्य आहे, पण त्याला एक चमचा बेसन घालणं हा इलाज आहे, दगड करणं नाही.

कांदा, टमाटर, सांभार शेवटी घालायचं, तवा तापत ठेवल्यावर. मिठाबरोबर आधीच घातलं तर ते पाणी सोडतं आणि बरोबर जमलेलं पीठ सैल होतं. आणि कांदा बारीक हवा. जाड फोड पळीखाली अडकते, तिच्या मागं नांगरटीसारखी रेघ उमटते आणि चिला पुढं त्याच रेघेवर फाटतो.

पसरवण्यावरचा मुद्दा तर अगदीच उलटा आहे. जाड चिल्याचा तळ भाजून निघतो तोवर वरचा भाग ओला असतो. बाई घाई करून सराटा घालते, आणि मधला कच्चा भाग स्वतःचं वजन पेलू शकत नाही, चिला दोन तुकडे. पातळ आणि एकसारखा, दोन ते तीन मिलिमीटर, असा असला की तो एकदम शिजतो आणि एकाच वेळी सुटतो. "एकसारखा" वर जोर द्या. मधे जाड आणि कडेला पापडासारखा असला तर कडा कडक होतात, मधला मऊ राहतो, आणि जिथं दोन्ही भेटतात तिथं तो तुटतो. पळीभर पीठ मधोमध टाका, पळीचा तळ अलगद टेकवून आतून बाहेर गोल फिरवा, पळी तव्यावर दाबू नका, आणि कडेला पोचल्यावर परत मधे येऊ नका. मधलं तेव्हा सेट झालेलं असतं, ते उकरलं जातं. भाज्या भरपूर असतील तर थोडा जाड आणि लहान ठेवा, एवढी सूट देते.

उलटायची वेळ कळते ती चकाकीवरून. वरचा ओला चकचकीतपणा गेला, रंग मंद झाला आणि कडा तव्यापासून जराशा उचलल्या गेल्या, की सराटा कडेकडेनं खाली घालत मधोमध न्या आणि एका झटक्यात उलटा. कडा सुटत नसतील तर ओढू नका, आणखी थोडं थांबा.

सोड्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सोड्यानं बुडबुडे होतात, बुडबुड्यांनी चिला हलका-जाळीदार होतो, आणि जाळीदार चिला लवकर तुटतो. हवा असेल तर मऊपणासाठी घाला, जुळून येण्यासाठी नको.

पहिला चिला चिकटला तर घाबरून त्यावर तेल ओतू नका, तसंही ते कडेनं वाहून जातं. तो खरवडून काढा, लोखंडी तव्यावर जाडं मीठ टाकून कोरड्या फडक्यानं घासा, तेलाचा हात फिरवा, आच कमी करा आणि दुसरा टाका. मामीनं चुलीवरच्या जुन्या तव्यावर हेच केलं. दुपारी तिचा पुन्हा फोन आला, "चिले निघाले, पन ग्रुपवर आता मी काय लिहू?" मी म्हटलं, हेच पाठव, फक्त सोड्याचा मुद्दा आधी टाक, तो वाचून भांडायला येतील त्यांना तव्याचा मुद्दाही वाचावा लागेल.